घरात माणसं पाच, दूध किती प्रकारचं घ्यायचं?

वाचकाचं पत्र

आमच्या घरी पाच माणसं आहोत आणि रोज दीड लिटर फुल क्रीम दूध येतं. मागच्या महिन्यात नवऱ्याच्या तपासणीत वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी त्यांना डबल टोन्ड दूध घ्यायला सांगितलं. त्यावर सासूबाईंचं म्हणणं असं, की टोन्ड म्हणजे पाण्यात पावडर कालवलेलं दूध, ते घरात नको. त्या त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत, वजन चव्वेचाळीस किलो, जेवण फार कमी. मुलगी चौदा महिन्यांची आहे. फुल क्रीम तिला जड होईल म्हणून मी त्यात निम्मं पाणी घालून देते. मुलगा दहा वर्षांचा, अंगाने जरा जास्तच गुटगुटीत. मैत्रीण म्हणते, वाढत्या मुलांना फुल क्रीमच हवं आणि म्हाताऱ्या माणसांना हलकं दूध द्यावं. घरात तीन-तीन प्रकारच्या पिशव्या आणणं मला झेपणार नाही. सगळ्यांसाठी सरळ डबल टोन्ड सुरू करू का?

उत्तर

ताई, सगळ्यांसाठी डबल टोन्ड नको. तीन प्रकारच्या पिशव्याही लागणार नाहीत. दोन पुरतील. कोणत्या आणि कुणाला किती, ते पुढे सांगते. पण सगळ्यात आधी, आजपासूनच, मुलीच्या दुधात पाणी घालणं थांबवा. त्याचं कारण कळायला पिशवीवरचे दोन आकडे वाचता यायला हवेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

दूध डेअरीवर नेऊन घालणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे आकडे तोंडपाठ असतात: फॅट आणि एसएनएफ. फॅट म्हणजे दुधातली चरबी, जिच्यापासून आपण साय, लोणी, तूप काढतो. एसएनएफ म्हणजे पाणी आणि चरबी वगळून दुधात जे उरतं ते सगळं, म्हणजे प्रथिनं, दुधातली साखर, कॅल्शियम आणि इतर क्षार. आपल्याकडे गायीच्या दुधाचा खरेदी दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून ठरतो, तो याच हिशेबाने. आता पिशव्यांकडे पाहा. कायद्याने फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ असावं लागतं. टोन्डमध्ये फॅट किमान ३ टक्के आणि एसएनएफ साडेआठ, तर डबल टोन्डमध्ये फॅट दीड टक्का आणि एसएनएफ ९. तिन्ही प्रकारांत फॅट सहावरून तीनवर आणि तीनवरून दीडवर येतं, पण एसएनएफ जवळजवळ तसंच राहतं. डबल टोन्डमध्ये तर ते टोन्डपेक्षा थोडं जास्तच आहे. म्हणजे प्रथिनं आणि कॅल्शियम यांसाठी दूध प्यायचं असेल, तर तिन्ही पिशव्या जवळपास सारख्याच. शंभर मिलिलिटरमागे सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि ११० ते १२० मिलिग्रॅम कॅल्शियम कुठूनही मिळतं. फरक पडतो तो चरबीत आणि तिच्यामुळे उष्मांकात. शंभर मिलिलिटर फुल क्रीममधून साधारण ८७ कॅलरी मिळतात, टोन्डमधून ५८ आणि डबल टोन्डमधून ४७.

सासूबाईंच्या शंकेला मात्र मी उडवून लावणार नाही, कारण तिच्यामागे एक खरी गोष्ट आहे. टोन्ड दूध जन्माला आलं ते आपल्या मुंबईत. १९४०च्या दशकात शहराला दूध पुरत नव्हतं आणि जे मिळे ते बहुतेक म्हशीचं, महागडं असे. तेव्हाचे मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी त्यावर तोड काढली. म्हशीच्या दुधात चरबी भरपूर असते. त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर आणि पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळलं, तर चरबी निम्म्यावर येते, एसएनएफ मात्र टिकून राहतं, आणि तेवढ्याच म्हशींच्या दुधात कितीतरी जास्त घरांची सोय होते. आरेच्या दुधाची ओळख पुढे याच कामातून झाली. १९६३ साली खुरोडींना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा पावडर आणि पाणी हे सासूबाईंचं ऐकीव नाही. डेअऱ्या आजही, विशेषतः उन्हाळ्यात दूध आटतं तेव्हा, पावडर वापरतात. पण ती पावडर दुधाचीच असते, फक्त चरबी आणि पाणी काढून टाकलेली. त्यात परत पाणी मिसळलं की प्रथिनं आणि कॅल्शियम होतं तेवढं परत मिळतं. पुष्कळदा तर पावडर लागतही नाही. यंत्रावर साय वेगळी काढायची आणि हवी तेवढीच परत मिसळायची, एवढ्यानेच टोन्ड दूध तयार होतं. सासूबाईंना हे असं सांगून पाहा. नुसतं ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणण्यापेक्षा त्यांना ते जास्त पटेल असं मला वाटतं.

डेअरीत पाणी घालताना पावडरही घालतात. तुम्ही घरी घालता ते नुसतं पाणी. अर्धा पेला फुल क्रीम आणि अर्धा पेला पाणी एकत्र केलं की फॅट सहाचं तीन होतं, म्हणजे टोन्डइतकंच. पण त्याचबरोबर एसएनएफ नऊचं साडेचार होतं. टोन्डच्या पिशवीत ते साडेआठ असतं. मुलीला दिवसाला अशा मिश्रणाचं ४०० मिलिलिटर दूध मिळत असेल, तर तिच्या पोटात सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं जातात. तेवढ्याच टोन्डमधून बारा-तेरा ग्रॅम गेली असती. कॅल्शियमही निम्मंच जातं. पोट भरतं, पण भरलंय कशाने हे दिसत नाही. महिना-दोन महिने असं झालं म्हणून घाबरून जाऊ नका. तिचं वजन आणि उंची लसीकरणाच्या पुस्तिकेतल्या वाढीच्या आलेखावर कुठे आहे ते पुढच्या भेटीत बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पूर्वी म्हशीचं निरसं, घट्ट दूध घरी यायचं, तेव्हा ‘लेकराला पाणी घालून दे’ असं आया-आज्या सांगायच्या. ती सवय पिशवीच्या दुधालाही चिकटली आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांत मी ती पाहते. दूध हलकं हवं असेल, तर हलक्या दुधाची पिशवी आणा. नळाच्या पाण्याने ते काम होत नाही.

मग मुलीला नेमकं कोणतं दूध? इथे मैत्रिणीचं ‘वाढत्या मुलांना फुल क्रीमच’ हे वाक्य तपासून पाहावं लागेल. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत आईचं दूध हेच मुख्य दूध, गायी-म्हशीचं नव्हे. ती मर्यादा तुमच्या मुलीने ओलांडली आहे. अजून अंगावर पाजत असाल तर तेही चालू ठेवा. एक ते दोन वर्षं या काळात मुलांना चरबी न काढलेलं दूध द्यावं, हा सल्ला जगभर दिला जातो आणि तो बरोबरच आहे. या वयात मेंदू झपाट्याने वाढतो, पोट लहान असतं आणि थोड्याच अन्नातून बरीच ऊर्जा मिळावी लागते. पण हा सल्ला बहुतेक वेळा परदेशी लेखांतून, व्हिडिओंतून आपल्यापर्यंत येतो आणि तिथे गफलत होते. तिकडे चरबी न काढलेलं दूध म्हणजे गायीचं, सव्वातीन टक्क्यांच्या आसपास फॅटचं. आपलं टोन्ड ३ टक्क्यांचं. म्हणजे तिकडच्या आया ज्याला पूर्ण चरबीचं दूध म्हणतात, त्याच्या अगदी जवळ आपली टोन्डची पिशवी आहे. आपलं फुल क्रीम त्याच्या जवळजवळ दुप्पट चरबीचं असतं. तिकडे हलकं म्हणून विकलं जातं ते एक-दोन टक्क्यांचं दूध. त्या गटात आपलं डबल टोन्ड बसतं. म्हणून दोन वर्षांच्या आतल्या मुलाला निव्वळ डबल टोन्ड देऊ नये. टोन्ड किंवा गायीच्या दुधाची पिशवी बिनपाण्याची चालते.

फुल क्रीम दिलं तर काही अपाय आहे का? पचत असेल, बाळ नीट जेवत असेल, तर नाही. पण एक हिशेब बघा. चौदा महिन्यांच्या मुलीला दिवसभरात साधारण हजार कॅलरी लागतात. ४०० मिलिलिटर फुल क्रीममधूनच साडेतीनशे आल्या, तर एक तृतीयांशापेक्षा जास्त भूक दुधावरच भागली. मग मऊ भात-वरण, भाजी, अंडं, नाचणीची पेज यांना पोटात जागा उरत नाही. ‘ती काही खातच नाही हो, फक्त दूध पिते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आयांना मी आधी दुधाचं माप विचारते, आणि बरेचदा ते पाऊण लिटरच्या वर निघतं. दुधात लोह नगण्य असतं आणि त्यातलं कॅल्शियम जेवणातल्या लोहाच्याही आड येतं. त्यामुळे दुधावर वाढणारी मुलं गोरीगोमटी, भरलेली दिसतात आणि तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरे, दही त्यात धरून. जेवणाच्या तासभर आधी दूध देऊ नका. बाटली असेल तर ती सोडवून पेल्यावर आणा. बाटलीने किती दूध जातं ते कळत नाही आणि मूल निजता निजता पीत राहतं.

थोरल्याचं वय दहा आहे. दोन वर्षांनंतर मुलांना चरबी कमी केलेलं दूध चालतं. त्यातून वजन जास्त असेल, तर टोन्ड किंवा डबल टोन्ड योग्यच. पण वजन दुधाच्या प्रकारामुळे वाढलंय, असं गृहीत धरू नका. २०० मिलिलिटरच्या पेल्यात फुल क्रीमऐवजी टोन्ड दिलं, तर अठ्ठावन्न कॅलरी वाचतात. त्याच पेल्यात दोन चहाचे चमचे साखर घातली, तर चाळीस परत आल्या, आणि वर चॉकलेटच्या चवीची पावडर पडली की हिशेब फिरलाच. दुधात काय घातलं जातं ते आधी बघा, पिशवी नंतर बदला. सवय एकदम मोडणार नसेल, तर पंधरा दिवसांत साखर अर्ध्यावर आणा. त्याला दिवसाला एक पेला दूध आणि एक वाटी दही मिळालं, तर या वयाच्या कॅल्शियमच्या गरजेतला मोठा वाटा त्यातून भागतो. उरलेला नाचणी, तीळ, पालेभाज्या आणि डाळींतून येऊ द्या.

नवऱ्याच्या बाबतीत डॉक्टरांशी मी पूर्ण सहमत आहे. दुधातल्या चरबीपैकी साधारण दोन तृतीयांश चरबी संपृक्त प्रकारची असते, आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढवते ती हीच. पत्रात त्यांच्या दुधाचं माप नाही, म्हणून नेहमीच्या घरासारखं धरते: दोन वेळच्या चहात मिळून १५० मिलिलिटर, १५० चं दही आणि रात्री २०० चा पेला. अर्धा लिटर झालं. फुल क्रीममधून यात ३० ग्रॅम चरबी येते आणि तिच्यातली १९-२० ग्रॅम संपृक्त. कोलेस्टेरॉल वाढलेल्या, दिवसाला दोन हजार कॅलरी घेणाऱ्या माणसाने सगळ्या जेवणातून मिळून संपृक्त चरबी साधारण पंधरा ग्रॅमच्या आत ठेवावी असं सांगतात. म्हणजे तूप, खोबरं, चीज, बेकरीचं काही न खाताच नुसत्या दुधाने मर्यादा ओलांडली. टोन्डवर आल्यास हा आकडा दहाच्या आसपास येतो, डबल टोन्डवर पाचच्या आत. एवढा मोठा फरक एका पिशवीने पडत असेल, तर तो जरूर करावा. ज्यांचं कोलेस्टेरॉल ठीक आहे, वजन ठीक आहे आणि जे दिवसाला एखादा पेला दूध घेतात, अशा प्रौढांना डबल टोन्डचा आग्रह मी धरत नाही. टोन्ड त्यांना पुरेसं आहे.

इथे एका पळवाटेबद्दल बोलायला हवं, कारण ती जवळजवळ प्रत्येक घरात असते. फुल क्रीम तापवायचं, थंड करून साय काढायची आणि ‘आता हे डबल टोन्डच झालं’ असं समजायचं. साय काढल्याने चरबी कमी होते हे खरं, पण किती, ते सांगता येत नाही. पिशवीतल्या काही दुधांवर होमोजिनायझेशन केलेलं असतं. त्यात चरबीचे थेंब इतके बारीक होतात की ते वर तरंगून येत नाहीत. अशा दुधावर साय पातळ येते आणि बरीचशी चरबी दुधातच राहते. जाता जाता, साय कमी आली म्हणजे दुधात भेसळ आहे, हा समजही यामुळेच चुकीचा ठरतो. आणि साय नीट निघाली तरी पुढे काय होतं? ती साठवून, विरजून, घुसळून तूप कढतं आणि त्याच घरात, त्याच ताटात वरणावर पडतं. चरबी दुधातून निघाली आणि तुपातून परत आली. तुपाला माझा विरोध नाही. पण नवऱ्यासाठी दूध बदलणार असाल, तर त्यांच्या ताटातलं तूपही चमच्याने मोजून वाढा, नाहीतर तपासणीत काहीच फरक दिसणार नाही आणि दोष डबल टोन्डला जाईल.

आता सासूबाई. ‘म्हाताऱ्या माणसांना हलकं दूध’ हा नियम त्यांना लावला, तर त्यांचं नुकसान होईल. म्हातारपणी काळजी दोन तऱ्हेची असते. काहींचं वजन, साखर, कोलेस्टेरॉल जास्त असतं. त्यांना टोन्ड किंवा डबल टोन्ड ठीक. पण ज्यांचं वजन कमी आहे, दात नाहीत, भूक मंदावली आहे, त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. थोडकंच पोटात जातं, त्यातून ऊर्जा आणि प्रथिनं जास्तीत जास्त कशी मिळतील? चव्वेचाळीस किलोंच्या, कमी जेवणाऱ्या बाईंना तुम्ही फुल क्रीमवरून डबल टोन्डवर आणलंत, तर ३०० मिलिलिटरमागे त्यांच्या दिवसातून १२० कॅलरी निघून जातील. म्हणजे जवळजवळ दीड फुलका. तो त्या दुसरीकडून भरून काढणार नाहीत. स्नायू झिजतात, पाय लटपटतात, माणूस पडतं आणि खुबा मोडतो. या वयात मला त्याची भीती कोलेस्टेरॉलपेक्षा जास्त वाटते. त्यांचा लिपिड प्रोफाइल वाईट नसेल आणि पित्ताशयात खडे नसतील, तर त्यांचं फुल क्रीम चालू राहू दे. सायीसकट. खडे असतील तर मात्र चरबीने दुखणं उसळतं, तिथे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर दुधाचा प्रकार काय, मापसुद्धा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचं.

त्यांना दूध प्यायल्यावर पोट फुगणं, गुरगुरणं, पातळ होणं असं काही होतं का ते विचारा. अशा वेळी घरची माणसं लगेच हलकं दूध आणतात आणि त्याने काही होत नाही. कारण हा त्रास बहुतेकदा दुधातल्या साखरेचा, लॅक्टोजचा असतो. वय वाढेल तसं ती पचवणारं पाचकद्रव्य अनेकांत कमी होतं. लॅक्टोज एसएनएफमध्ये मोडतं, म्हणून ते तिन्ही पिशव्यांत सारखंच. यावर उपाय म्हणजे दही आणि ताक, किंवा एकदम पेलाभर न घेता जेवणासोबत थोडं थोडं दूध. दह्यातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात. याउलट छातीत जळजळ, रात्री जड वाटणं, ढेकर ही लक्षणं चरबीची असू शकतात. तिथे रात्रीचा पेला संध्याकाळी पाचला द्यावा, किंवा टोन्ड देऊन पाहावं. त्रास कोणता आहे हे ओळखल्याशिवाय पिशवी बदलू नका. आणखी एक, त्या थायरॉइडची किंवा लोहाची गोळी घेत असतील तर ती दुधासोबत देऊ नका. थायरॉइडची गोळी तर सकाळी नुसत्या पाण्याबरोबर, आणि दुधाचा चहासुद्धा त्यानंतर बऱ्याच वेळाने.

आता स्वयंपाकघराकडे वळू. रोज अर्ध्या लिटरची फुल क्रीमची एक पिशवी आणि डबल टोन्डचं एक लिटर घ्या. दोन पातेल्यांत वेगळं तापवा. फुल क्रीममधलं ३०० मिलिलिटर सासूबाईंचं: सकाळी पेला, आणि उरलेल्याची लापशी किंवा नाचणीची खीर. राहिलेलं २०० मुलीच्या पेल्यासाठी बाजूला काढा आणि त्यात डबल टोन्डचं २०० मिसळा. सहा आणि दीड यांचा मध्य पावणेचार. म्हणजे मुलीला पावणेचार टक्के फॅटचं आणि नऊ टक्के एसएनएफचं ४०० मिलिलिटर दूध मिळालं, गायीच्या चांगल्या दुधासारखं, एक थेंब पाणी न घालता. पाण्याऐवजी हलक्या दुधाने दूध हलकं करायचं, एवढीच यातली युक्ती. उरलेल्या ८०० मिलिलिटर डबल टोन्डमध्ये नवऱ्याचा चहा, दही आणि पेला, मुलाचा एक पेला आणि तुमचा चहा भागतो. मुलाची दह्याची वाटी हवी असेल, तर नवऱ्याचा रात्रीचा पेला कमी करून त्या दुधाचंही विरजण लावा. कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने त्यांचं काही बिघडत नाही.

डबल टोन्डचं दही लागत नाही, ही तक्रार तुम्ही करण्याआधीच सांगते: लागतं. दह्याचा घट्टपणा प्रथिनांमुळे येतो आणि ती इथे पुरेशी आहेत. चरबीमुळे येतो तो मऊपणा आणि चव, ती थोडी कमी वाटेल. दूध एक उकळी आल्यावर लगेच न उतरवता मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत ठेवा, बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की विरजण लावा आणि मग हलवू नका. दही चांगलं बसेल. बासुंदी किंवा खरवसासारखं काही करायचं असेल त्या दिवशी मात्र फुल क्रीम जास्त आणा. त्यासाठी डबल टोन्ड आटवत बसू नका, गॅस आणि दूध दोन्ही वाया जातं.

तुमच्या भागात डबल टोन्डची पिशवी मिळत नसेल, तर टोन्डवर भागवा. मग मुलीला टोन्डच जसंच्या तसं द्या, मिसळायचीही गरज नाही. नवऱ्याचा रात्रीचा पेला बंद केला, तर टोन्ड घेऊनही त्यांची दुधातली चरबी मूळच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते. पिशवीच्या रंगावर जाऊ नका. एका डेअरीची निळी पिशवी टोन्डची असते, म्हणून दुसरीची निळीही टोन्डचीच असेल असं नाही. मागे बारीक अक्षरात दुधाचा प्रकार आणि फॅट-एसएनएफचे आकडे छापलेले असतात, तेच वाचा. त्याच जागी एक अधिक चिन्ह आणि एफ अक्षर असलेली खूण दिसते का तेही बघा. चरबी काढली की तिच्यात विरघळलेली अ आणि ड जीवनसत्त्वंही जातात. ही खूण असलेल्या दुधात ती परत घातलेली असतात. टोन्ड आणि डबल टोन्ड घेताना अशीच पिशवी निवडा. पण त्यावर विसंबून सासूबाईंची ड जीवनसत्त्वाची गोळी बंद करू नका. अशा दुधाच्या एका पेल्यातून दिवसाच्या गरजेचा दहावा हिस्साही धड मिळत नाही.

बदल सुरू करण्याआधी सासूबाईंचं वजन वहीत लिहून ठेवा आणि दर महिन्याला त्याच काट्यावर बघा. दोन-तीन महिन्यांत दोन किलो किंवा त्याहून जास्त घटलं, तर दुधात बदल करत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. त्यामागे दुसरं कारण असू शकतं. नवऱ्याची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करा आणि तोवर डॉक्टरांनी दिलेली गोळी असेल तर ती चालूच राहू द्या. मुलीला पहिले चार-पाच दिवस नव्या दुधाने शी जरा घट्ट झाली, तर जेवणात फळ आणि पाणी वाढवा. पाणी वेगळ्या पेल्यात द्या, दुधात नाही.